नऊ कोटींची सिनर्जी आणि ईपीएसचा हिशेब

प्रश्न: "माझ्याकडे एका लिस्टेड मसाला कंपनीचे शेअर आहेत. नफा ६० कोटी, शेअर ५ कोटी, भाव २४०. ती सांगलीची छोटी हळद कंपनी २४० कोटींना घेतेय, पैसे नवे शेअर देऊन. तिचा नफा १० कोटी. तिसऱ्या वर्षी ९ कोटींची सिनर्जी, म्हणजे एकत्र येण्याचा फायदा, येईल म्हणतात: हळद खरेदीत ३, पॅकिंग-वाहतुकीत २, ऑफिस-पगारात २, जादा विक्रीतून २. ईपीएस, म्हणजे एका शेअरमागचा नफा, खरंच वाढेल का? कर्ज काढलं असतं तर बरं नव्हतं?"

आधी कर्जाचं बघू. २४० कोटी १० टक्क्यांनी घेतले तर वर्षाला २४ कोटी व्याज. त्यावर २५.१७ टक्के कर वाचला तरी १८ कोटींच्या आसपास जातात आणि येतात १० कोटी. ईपीएस १२ वरून १०.४१ वर. शेअर दिले तर १ कोटी नवे शेअर निघतात. ७० कोटी भागिले ६ कोटी, म्हणजे ११.६७. दोन्हीकडे घटच आहे, पण शेअर देणं स्वस्त पडतंय. २४० कोटी मोजून १० कोटी मिळतात, म्हणजे ४.१७ टक्के. तुमच्या शेअरची कमाई त्याच्या भावाच्या ५ टक्के आहे आणि कर वजा जाता कर्ज ७.५ टक्क्यांना पडतं. पैसा ४.१७ पेक्षा महाग पडला की सिनर्जीशिवाय ईपीएस घटणारच. कर्ज नेहमी बरं हा समज व्याजदर ४-५ टक्के असलेल्या देशांतून आलाय, आपल्याकडे तो सरसकट लावू नका.

आता किती सिनर्जी आली की ईपीएस १२ वर टिकेल? ६ कोटी शेअरना ७२ कोटी नफा लागतो, म्हणजे २ कोटी कमी पडतात, करापूर्वी २.६७ कोटी. बहुतेक जण इथंच थांबतात आणि ९ बघून खूश होतात. पण कंपनी विकत घेतल्याचा हिशेब कसा मांडायचा ते सांगणाऱ्या इंड एएस १०३ या नियमाप्रमाणे मोजलेल्या किमतीतून ब्रँड, ग्राहक-संबंध वगैरे वेगळे काढून पुस्तकात घ्यावे लागतात. समजा ते ६० कोटींचे निघाले आणि १० वर्षांत उतरवायचे ठरले, तर दर वर्षी ६ कोटी नफ्यातून वजा. हे सगळं काढून जी जादा किंमत उरते त्या गुडविलला असा वार्षिक उतार नसतो, फक्त दर वर्षी त्याची किंमत घटली का ते तपासतात. म्हणजे लागणारी सिनर्जी २.६७ अधिक ६, म्हणजे ८.६७ कोटी. कंपनीचे ९ कोटी त्याला जेमतेम पुरतात. सगळे आले तर ईपीएस १२.०४.

ते सगळे येतील का? हळद खरेदीतल्या ३ कोटींवर माझा अजिबात विश्वास नाही. सांगली मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे उघड बोलीनं होतात. वक्कलावर, म्हणजे मालाच्या एकेका ढिगावर, जो जास्त बोलेल त्याचा माल. मोठा खरेदीदार आहे म्हणून अडत्या भाव पाडून देत नाही. उलट याला रोज जास्त पोती हवीत हे पेठेत कळलं की बोली चढते. पूर्वी दोन्ही कंपन्या एकाच ढिगावर एकमेकींविरुद्ध बोलत असतील तर एक बोली कमी होईल, इतकंच. पण बोलीला बाकीचे व्यापारी असतातच. पॅकिंगच्या फिल्मची गोष्ट वेगळी. तिथं दर ठरवून ऑर्डर निघते, मोठ्या ऑर्डरला खरंच सूट मिळते. गाड्यांचंही तसंच: सांगलीहून मुंबईला दोन अर्ध्या गाड्या जातात त्याऐवजी एक भरून जाईल. ऑफिस-पगारातले २ कोटी माणसं कमी केल्याशिवाय होत नाहीत. त्याला आधी पैसा लागतो, तो पहिल्या वर्षाच्या खर्चात पडतो. त्यामुळं पहिल्या वर्षीची ईपीएस तिसऱ्यापेक्षा बरीच खाली दिसेल, दचकू नका.

जादा विक्रीतले २ कोटी हे उलाढालीचे की नफ्याचे, हे विचाराच. उलाढालीचे असतील आणि कच्चा माल, पॅकिंग, दुकानदाराचं कमिशन जाऊन २० टक्के उरत असतील तर हाती ४० लाख.

माझ्या हिशेबात खरेदीचे शून्य, पॅकिंग-वाहतुकीचे २, पगाराचे २, विक्रीचे ०.४, एकूण ४.४ कोटी. कर वजा जाता ३.२९. मग ईपीएस ११.४७, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास घट. इथं दोन्ही कंपन्यांचा नफा तीन वर्षं आहे तिथंच धरलाय. तुम्ही करताना तिसऱ्या वर्षाच्या आकड्याची तुलना आजच्या १२ शी करू नका; सौदा झालाच नसता तर तिसऱ्या वर्षी तुमची ईपीएस किती असती, त्याच्याशी करा. कंपन्या हमखास आजच्या आकड्याशी तुलना दाखवतात.

एक बाजू कंपनीचीही. ब्रँडचा तो ६ कोटींचा उतार कागदोपत्री आहे, त्यात रोख जात नाही. तो वगळला तर याच ४.४ कोटींवर ईपीएस १२.२२ येते, म्हणजे वाढ. त्यामुळं कॉन्फरन्स कॉलवर सरळ विचारा: तुम्ही म्हणता ती ईपीएस हा उतार धरून की वगळून, आणि ९ कोटींत हळद खरेदीचे ३ कोटी कुठल्या दरफरकावर काढलेत.