शॉर्टचे ६२ हजार आणि मोठ्या व्हिडिओचे १४००: हे आकडे एका तराजूत का तोलू नयेत

प्रश्न: «आमचा दापोलीजवळ होमस्टे आहे, यूट्यूब चॅनलही आहे. हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावाचा ४० सेकंदांचा शॉर्ट टाकला, ६२ हजार व्ह्यूज आले. ११ मिनिटांच्या मोठ्या व्हिडिओला मात्र १४००. तरी कमाई सुरू व्हायला लागणाऱ्या पाहण्याच्या ४००० तासांचा आकडा शॉर्टमुळे हलला नाही. यूट्यूब आमचे व्ह्यूज खातंय का?»

खात नाही हो. दोन्हीकडे शब्द ‘व्ह्यूज’ असला तरी मोजणी वेगळी आहे.

३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किमान किती सेकंद पाहावा अशी अटच नाही. अंगठ्याने वर सरकवताना तुमचा लिलाव क्षणभर वाजला आणि माणूस पुढे गेला, तरी एक. शॉर्ट संपून आपोआप पुन्हा सुरू झाला, तर आणखी एक. तुमच्या शॉर्टमध्ये हे नक्की होत असणार. लिलाव करणारा बोली इतक्या झपाट्याने चढवतो की पापलेटचा ढीग शेवटी कितीला सुटला, ते पहिल्यांदा कळतच नाही. लोक तो पुन्हा चालू देतात. एकाच माणसाचे तीन व्ह्यूज होतात आणि आपल्याला वाटतं तीन माणसं आली.

मोठ्या व्हिडिओचं तसं नाही. तिथे माणसाने थंबनेल बघून मुद्दाम उघडलेला व्हिडिओ हा मूळ हिशोब आहे, आणि खोटी किंवा यंत्राने केलेली प्लेबॅक्स गाळली जातात. त्यामुळे कधी आकडा अडकतो, कधी कमीही होतो. ‘३० सेकंद पाहिलं की व्ह्यू’ हे सगळीकडे ऐकू येतं, पण ३० सेकंदांचा तो नियम स्किप करता येणाऱ्या जाहिरातींचा आहे. साध्या व्हिडिओसाठी यूट्यूबने असा सेकंदांचा आकडा जाहीर केलेला नाही, तेव्हा त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका.

आता तुमच्या ६२ हजारांत खरे किती, ते बघायचं तर संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडा. Analytics मध्ये जाऊन Advanced mode घ्या, तो शॉर्ट निवडा आणि Engaged views हा रकाना जोडा. शॉर्टचे व्ह्यूज पूर्वी ज्या पद्धतीने मोजले जात, तीच मोजणी आता या नावाने तिथे आहे. मार्च २०२५ च्या आधीच्या शॉर्टशी तुलना करायची असेल, तर याच रकान्यावर करा. नाहीतर नुसता नियम बदलल्यामुळे आलेली उडी आपली प्रगती वाटेल. चॅनलला कमाईची सोय देणाऱ्या पार्टनर प्रोग्रॅमची पात्रता आणि शॉर्टची कमाई यांतही हाच आकडा धरतात, मोठा ठळक आकडा नाही.

समजा तिथे २४ हजार निघाले. म्हणजे ६२ हजारांतले ३८ हजार व्ह्यूज ना पात्रतेत, ना कमाईत. यात फसवणूक काही नाही, फक्त तो आकडा दुसऱ्याच गोष्टीचा आहे. शेजारी Viewed vs. swiped away दिसलं तर तेही बघा. निघून जाणारे जास्त असतील, तर पहिली दोन सेकंदं तपासा. बंदराकडे जाणारा रस्ता, गाडीची काच, मग समुद्र असं असेल तर ते कापा आणि थेट वाळूवरच्या बोलीपासून सुरू करा.

आता ४००० तास. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिला गेलेला वेळ त्यात धरतच नाहीत, मग व्ह्यूज ६२ हजार असोत की ६ लाख. उलट तुमच्या १४०० व्ह्यूजवाल्या व्हिडिओचा सरासरी पाहण्याचा वेळ साडेचार मिनिटं धरला, तर ६३०० मिनिटं होतात, म्हणजे १०५ तास. तुम्ही ज्याला पडलेला व्हिडिओ म्हणताय, तासांच्या खात्यात तोच कमावतोय.

शॉर्टच्या वाटेने जायचं तर १००० सबस्क्रायबरसोबत ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात, तेही Engaged views च्या मोजणीचे. प्रेक्षकांकडून थेट पैसे मिळवून देणाऱ्या सुपर थँक्ससारख्या सोयींची खालची पायरी ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ, आणि त्यासोबत वर्षभरात ३००० तास किंवा ९० दिवसांत ३० लाख शॉर्ट व्ह्यूज अशी आहे. एका होमस्टेच्या चॅनलला १ कोटी गाठणं माझ्या मते अवघडच. मी असतो तर तासांच्या मागे लागलो असतो.

म्हणून शॉर्टला दारावरच्या पाटीसारखं वापरा. अपलोड करताना, किंवा नंतर स्टुडिओत जाऊन, Related video मध्ये तुमचा ११ मिनिटांचा व्हिडिओ जोडा, म्हणजे शॉर्टवर त्याची लिंक दिसते. पण तो व्हिडिओ त्याच लिलावाचा हवा. बोली बघून आलेल्या माणसाला खोल्यांची सफर दाखवली, तर तो पहिल्याच मिनिटाला निघून जाईल आणि सरासरी वेळ खाली येईल. बैलगाडीतून मासळी किनाऱ्यावर कशी येते, ढीग कसे लावतात, बाहेरच्या माणसाला थोडीशी सुरमई घ्यायची तर कोणाला विचारायचं, हे दाखवा.

आणि कोणी जाहिरातीसाठी व्ह्यूज विचारले, तर Engaged views चा आकडा सांगा. समोरच्याला मोजणी माहीत असेल तर ६२ हजार ऐकून तो पुढचा प्रश्न हाच विचारेल.