गाडीच्या स्टिरिओवर मराठी गाण्यांच्या जागी चौकोन दिसतात तेव्हा

फोनवर गाण्याचं नाव नीट दिसतंय ना? मग फोन आणि ब्लूटूथ दोन्ही ठीक आहेत. नाव स्टिरिओपर्यंत पोचतं, पण त्याच्यात देवनागरी फाँटच नसतो, म्हणून चौकोन किंवा रिकामी जागा दिसते. त्यामुळे पुन्हापुन्हा पेअरिंग करण्यात वेळ घालवू नका.

गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर आधी तेच लावा. तिथे स्क्रीन फोन रंगवतो, म्हणून मराठी व्यवस्थित दिसतं.

नसेल तर Mp3tag या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये गाण्याच्या फाइलची प्रत उघडून Title, Artist, Album रोमन लिपीत लिहा. नवे लोक नुसतं फाइलचं नाव बदलतात. स्टिरिओवर सहसा टॅगमधलं, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेलंच नाव येतं. स्ट्रीमिंगच्या गाण्यांना मात्र हा उपाय चालत नाही.