पेशवाईतलं पुणं रेखाटताना

चित्र काढणाऱ्या AI मॉडेलला ‘पेशवेकालीन पुणं’ एवढंच लिहून दिलंस, तर चित्रात हमखास लाल मंगलोरी कौलं येतात. ती 1860 नंतरची. समजा, तुझं दृश्य 1770 चं आहे. मग ‘हाताने घडवलेली नळीची कौलं, दगडी जोतं, सागवानी खांब’ असं लिही. कपड्यांतही ‘पारंपरिक’ नको. अंगरखा, पगडी, नऊवारी, पुढे गाठीची चोळी अशी नावं दे, आणि ती मॉडेलला कळली नाहीत तर वर्णन कर. हातात रॉकेलचा कंदील नको, तेलाचा पलिता हवा; रॉकेल तेव्हा नव्हतंच. ‘विजेचे खांब नकोत’ हे मुख्य वर्णनात लिहिलंस तर कित्येकदा तेच उगवतात! निगेटिव्ह प्रॉम्प्टची, म्हणजे नको त्या गोष्टी वेगळ्या लिहायची सोय असेल तर तिथे फक्त ‘विजेचे खांब, तारा, घड्याळ’ लिही; नसेल तर मुख्य वर्णनात खांबांची जागा बैलगाडीने भर. मनगटांवर घड्याळ आलं नाही ना, हे मात्र चित्र मोठं करून तपास.