ऑर्किडची फुलं गळून गेली, आता काय करू?

प्रश्न: वास्तुशांतीला कुणीतरी ऑर्किडची कुंडी दिली होती. अडीच महिने छान फुलं होती, आता सगळी गळाली, चार पानं आणि एक हिरवी काडी उरलीय. पानं पण जरा सुरकुतल्यासारखी वाटतात. टाकून देऊ का? खिडकीत परत फुलं येतील का? (कोल्हापूर)

टाकू नका ओ! मी पहिलं असंच मेलं म्हणून टाकलं होतं, त्याचं अजून वाईट वाटतं. दुसरं मात्र राजारामपुरीतल्या आमच्या किचनच्या खिडकीत पाचवं वर्ष आहे, त्याचंच सांगते.

तुम्ही सांगताय त्यावरून ते फॅलेनॉप्सिस असणार, रुंद जाड पानं आणि फुलपाखरासारखी फुलं, गिफ्टला बहुतेक तेच देतात. पण जर उसासारखी कांडी कांडी असलेले उभे दांडे असतील तर ते डेंड्रोबियम, त्याच्या कांड्या अजिबात कापू नका, खालचं त्याला लागू नाही.

आता आधी ती सुरकुतलेली पानं, कारण खरी गोम तिथंच आहे. पान सुरकुतलं की आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, मीपण तेच केलं, रोज सकाळी चहा ठेवला की तांब्यानं पाणी, आणि पानं अजूनच लोळायला लागली. शेवटी वैतागून जूनमध्ये कुंडीतून उपसून काढलं तर आत पिळून घट्ट दाबलेलं मॉस, ओलं गच्च, आणि मधोमध अजून एक छोटी जाळीची टोपली, नर्सरीत रोप लहान असताना बसवलेली, ती तशीच. त्या टोपलीतली सगळी मुळं कुजलेली. बोटात धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. म्हणजे पाणी भरपूर होतं पण प्यायला तोंडच नव्हतं. हे झाड मुळात झाडाच्या फांदीवर राहणारं, आपल्या राधानगरीच्या जंगलात सीतेची वेणी कशी फांदीला धरून लोंबते तसंच, मुळांना वारा लागतो. पाण्यात बसवलं की मुळं गुदमरतात.

तर तुम्हीपण एकदा काढून बघा. दाबल्यावर टणक लागतं ते मूळ ठेवायचं, रंग हिरवा असो पांढरा असो नाहीतर पिवळट. पचपचीत किंवा पोकळ लागलं तर कात्रीनं उडवायचं, कात्री आधी गॅसवर तापवून गार करून घ्या. माझ्याकडे फक्त तीन मुळं शिल्लक राहिली होती, तरी जगलं. कापल्यावर एक दिवस तसंच सावलीत उघडं ठेवलं आणि मग लावलं. मातीत नाही हं, माती म्हणजे पुन्हा तेच. ऑनलाइन मिळणारे सालीचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे (तीन दिवस पाणी बदलत भिजवून, त्यातला खारटपणा जायला पाहिजे) आणि इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा फोडून, साधारण हरभऱ्यापासून सुपारीएवढा. कुंडी पारदर्शक प्लास्टिकची, बाजूनं भोकं पाडलेली आणि मुळं जेमतेम मावतील एवढीच, मोठी घेतली की आत ओल राहते.

कुंडी पारदर्शक का तर पाणी कधी द्यायचं ते मुळंच सांगतात. तहान लागली की चंदेरी राखाडी दिसतात, पाणी मिळालं की दोन मिनिटांत हिरवीगार. चंदेरी दिसली की कुंडी दहा मिनिटं पाण्याच्या भांड्यात बुडवायची, मग पूर्ण निथळू द्यायची. माझ्याकडे एप्रिलमध्ये चार दिवसांनी, पावसाळ्यात दहा दहा दिवसांनी. आणि पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साठू द्यायचं नाही, साठलं तर कापसानं टिपून घ्या. झाड तिथूनच कुजत जातं, वरचं पान हातात येतं सरळ.

काडीचं म्हणाल तर लोक सांगतात खालून दुसऱ्या-तिसऱ्या गाठीच्या वर कापा, तिथून फुटवा येतो. येतो कधी कधी, खोटं नाही. पण पानं सुरकुतलेल्या झाडाकडून परत फुलं काढणं म्हणजे आजारपणातून उठलेल्या माणसाला खासबाग मैदानात कुस्तीला उभं करणं. तुमची मी तरी बुडातून कापेन.

यानंतर पाच-सहा महिने नुसती पानं आणि मुळं. पूर्वेची खिडकी सगळ्यात बरी, सकाळचं कोवळं ऊन चालतं, एप्रिल-मेमध्ये पातळ पडदा लावा. पान गर्द काळपट हिरवं झालं तर उजेड कमी पडतोय असं समजायचं, हात लावल्यावर पान गरम लागलं तर जास्त होतोय. नवीन पान निघायला लागलं की कृषी केंद्रात मिळणारं विद्राव्य १९:१९:१९, एक लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, मुळं आधी साध्या पाण्यानं ओली करून. उसाला टाकतात तसं पोत्यानं नको.

आता फुलं. माझं झाड एवढं करून धडधाकट झालं, दोन नवीन पानं आली, आणि पहिला हिवाळा कोरडा गेला, एक कळी नाही. मग कळलं की याला काडी काढायला गारवा लागतो. सतत २८ डिग्रीच्या वर राहिलं तर ते पानंच काढत बसतं, काही आठवडे त्याच्या खाली राहायला पाहिजे आणि रात्री अजून उतरायला पाहिजे. कोल्हापुरात डिसेंबरमध्ये रात्री १५-१६ पर्यंत उतरतंच की! पण मी डासांसाठी खिडकी संध्याकाळी सहालाच बंद करत होते, शेजारी गॅस, आत सगळी ऊब. पुढच्या दिवाळीला खिडकीला जाळी बसवून घेतली आणि रात्रभर काच उघडी ठेवायला लागले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरून दुसऱ्या पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवं डोकावलं. मूळ आणि काडी सुरुवातीला सारखीच दिसतात, पण मुळाचं टोक गोल गुळगुळीत असतं, काडीचं जरा चपटं, लहान बाळाच्या बिनबोटांच्या हातमोज्यासारखं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पहिलं फूल उमललं, एकूण सात आली. (नर्सरीतून आलं तेव्हा अकरा होती, पण ती पॉलीहाऊसची.)

काडी दिसल्यावर कुंडी फिरवू नका, ती उजेडाकडे वळत जाते आणि तुम्ही फिरवलं की वेडीवाकडी होते. दोन कळ्या मी माझ्या हातानं घालवल्या, पाहुणे येणार म्हणून कुंडी हॉलमध्ये नेली आणि शेजारी टोपलीत पिकलेल्या केळ्यांची फणी होती. पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो त्यानं कळ्या पिवळ्या पडून गळतात, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून कळ्या असेपर्यंत आमच्या किचनमध्ये केळी नाहीत, ह्यांची कुरकुर चालू असते.