जहाज जागेवर ठेवतं कोण?

«माझा धाकटा भाऊ बॉम्बे हायला डायव्हिंगच्या जहाजावर आहे. तो म्हणतो, काम चालू असताना नांगर टाकतच नाहीत, तरी जहाज जागचं हलत नाही. हे कसं जमतं?»

भाऊ बरोबर सांगतोय. मी तसल्याच एका जहाजावर डीपी ऑपरेटर आहे. डीपी म्हणजे डायनॅमिक पोझिशनिंग, नांगराशिवाय जहाज एका जागी धरून ठेवणं.

आधी नांगर का नाही ते सांगतो. बॉम्बे हायला पाणी साधारण ७५ मीटर खोल, म्हणजे नांगर सहज पोचेल. पण तळाशी तेलाच्या आणि गॅसच्या पाईपलाईनींचं जाळं आहे. त्यांच्यावरून नांगर फरफटला तर काय होईल, हे सांगायला नको. शिवाय आज या प्लॅटफॉर्मजवळ, उद्या त्या, असं काम असतं. दर वेळी चार-सहा नांगर टाका आणि उचला, यातच दिवस जातील.

म्हणून जहाज थ्रस्टरच्या जोरावर उभं राहतं. पुढच्या भागात आडव्या बोगद्यात बसवलेले पंखे असतात, ते नाकाला डावीकडे-उजवीकडे ढकलतात. मागचे थ्रस्टर गोल फिरतात, हव्या त्या दिशेला जोर लावतात. कुणाला किती जोर द्यायचा ते कॉम्प्युटर क्षणोक्षणी ठरवतो. जागा कळायला सॅटेलाईट असतो, प्लॅटफॉर्मवरच्या रिफ्लेक्टरवर मारलेला लेझर असतो, आणि टॉट वायर असते: तळाला वजन सोडायचं, तार ताणून धरायची आणि ती किती कलली ते मोजायचं. डायव्हिंगला अशी निदान तीन साधनं लागतात. दोनच असली आणि दोघांत मतभेद झाला, तर खोटं कोण बोलतंय ते कळत नाही. लेझर तर कधीकधी रिफ्लेक्टर सोडून प्लॅटफॉर्मवर चालणाऱ्या माणसाच्या चमकत्या जॅकेटलाच धरून बसतो.

पण खरी गंमत पुढे आहे. जहाज सरकल्यावर मागे ओढायचं, एवढंच कॉम्प्युटर करत असता तर जहाज कायम मागे-पुढे झुलत राहिलं असतं. त्याच्याकडे जहाजाचं एक गणिती रूप असतं: वजन किती, वाऱ्याला अंग किती, कुठला थ्रस्टर किती ढकलतो. वारा मास्टवरच्या सेन्सरने मोजला जातो, त्यामुळे झुळूक वाढली की जहाज हलायच्या आतच थ्रस्टर उलटा जोर लावतात. लाटेगणिक होणारं डोलणं तो मुद्दाम सोडून देतो, कारण त्याच्याशी झुंजायला गेलं तर यंत्रं झिजतील आणि हाती काहीच लागणार नाही. एवढं करून जो जोर हिशेबात बसत नाही, तो सगळा तो ‘करंट’ या नावाखाली टाकतो. हा आकडा पाण्याचा प्रवाह मोजून आलेला नसतो, उरलेली बाकी असते. ती बाकी जमायला वेळ लागतो, म्हणून नव्या जागी आलो की आम्ही अर्धा तास नुसते उभे राहतो आणि मगच पाणबुड्यांना खाली सोडतो. भरती-ओहोटी पालटताना प्रवाह झपाट्याने फिरतो, तेव्हाही खुर्चीतल्या माणसाने जागं राहावं लागतं.

वाऱ्यावरचा हा विश्वास कसा दगा देतो, ते मी एकदा पाहिलं. हेलिकॉप्टर उतरत होतं. बाहेर वारा जेमतेम १२ नॉट. पात्यांचा झोत मास्टवरच्या सेन्सरवर आला आणि स्क्रीनवर आकडा एकदम ४० च्या वर गेला. कॉम्प्युटरला वाटलं, डावीकडून वावटळ आली. त्याने सगळे थ्रस्टर डावीकडे लावले. समोर ढकलणारा वारा नव्हताच, त्यामुळे जहाज स्वतःच डावीकडे निघालं. समुद्र तसाच शांत, पण पायाखाली डेक थरथरायला लागला आणि स्क्रीनवर थ्रस्टरचा जोर दाखवणाऱ्या पट्ट्या वर चढल्या, यावरून मला कळलं. मी तो सेन्सर बाद करेपर्यंत जहाज अडीच मीटर सरकलं होतं. आमच्याकडे पिवळा इशारा ३ मीटरला, लाल ५ ला. पाणबुडे तेव्हा वर होते. हेलिकॉप्टर यायच्या आधी तो सेन्सर काढून ठेवायचा असतो, आणि ते माझंच काम होतं. ते माझ्याकडून राहिलं.

पाणबुडे खाली असताना असं झालं तर पिवळ्या दिव्याला ते काम सोडून बेलपाशी, म्हणजे त्यांना खाली-वर नेणाऱ्या बंद डब्यापाशी, परततात आणि लाल दिव्याला बेलमध्ये शिरतात. त्यांची हवेची नळी मुळात एवढीच लांब ठेवतात की ती थ्रस्टरपर्यंत पोचूच नये.

शेवटची गोष्ट ताकदीची. डायव्हिंगचं जहाज निदान डीपी-२ वर्गाचं लागतं, म्हणजे जनरेटर, थ्रस्टर किंवा कॉम्प्युटर यांतलं कुठलंही एक बंद पडलं तरी जागा सुटता कामा नये. त्यामुळे सगळी ताकद आम्ही कधीच वापरत नाही. सर्वांत वाईट बिघाड आत्ता या क्षणी झाला तर उरलेल्या यंत्रांवर जहाज उभं राहील का, हा हिशेब कॉम्प्युटर सतत मांडत असतो. उत्तर ‘नाही’ आलं की तो इशारा देतो, आणि जहाज तसूभरही हललेलं नसलं तरी आम्ही पाणबुड्यांना वर बोलावतो. पावसाळ्यात बॉम्बे हायला असे दिवस बरेच येतात. भाऊ फोनवर ‘आज काम बंद’ म्हणाला, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.