हक्कशुफा : आधी विचारण्याचा नाही, जागी उभं राहण्याचा हक्क

प्रश्न : जुन्या निकालात 'हक्कशुफा' असा शब्द वाचला. म्हणजे अग्रहक्कच ना? आणि जमीन विकताना बांधाच्या शेजाऱ्याला आधी विचारावं लागतं म्हणतात, ते यातूनच आलंय का?

नाही, आणि नाही. हे 'शेजाऱ्याला आधी विचारावं लागतं' प्रकरण इतक्या वेळा कानावर पडतं की आता वैताग येतो. त्यात भर म्हणजे काही जण छातीठोकपणे सांगतात की शुफा म्हणजे शिफा, 'शिफाखाना'तला, जमिनीचं दुखणं बरं करणारा हक्क. साफ चूक. अरबीत दोन्ही धातू वेगळे आहेत, शिफाच्या शेवटी 'य' आहे आणि शुफाच्या शेवटी 'ऐन', मराठीत आपण ऐन गिळतो म्हणून दोन्ही सारखे ऐकू येतात एवढंच.

शुफा हा मुस्लिम कायद्यातला हक्क, आणि त्याच्या धातूचा अर्थ जोडणे, एकाचे दोन करणे. 'शफ' म्हणजे सम आणि 'वित्र' म्हणजे विषम, कुराणाच्या ८९व्या सूरेत ही जोडी शपथेत येते. शफाअत, म्हणजे एखाद्यासाठी रदबदली, तीही इथलीच: त्याच्या एकट्या विनंतीला आपली जोडायची. मग शुफा काय, तर माझ्या हिश्शाला लागून असलेला हिस्सा विकला गेला की तो मी माझ्याला जोडून घेणं! मला विचाराल तर मराठीत याला सरळ 'जोडहक्क' म्हणायला हवं होतं.

आता 'अग्रक्रयाधिकार' हा कोशातला भारदस्त शब्द घ्या. ज्यांनी तो घडवला त्यांनी 'प्री-एम्प्शन' या इंग्रजी शब्दाकडे बघितलं, हक्काकडे नाही. कारण शुफात 'अग्र' काहीच नाही, विक्री पूर्ण होईपर्यंत हा हक्क उगवतच नाही. विक्री झाली की शफी, म्हणजे हक्कदार, तीच किंमत मोजून खरेदीदाराच्या जागी उभा राहतो, करार तोच आणि माणूस बदलला. आधी विचारायची कल्पना कौटिल्याकडे आहे, 'ज्ञातिसामन्तधनिकाः क्रमेण', आधी भाऊबंद, मग शेजारी, मग सावकार या क्रमाने जमीन घ्यायला पुढे यावं. त्याला खुशाल अग्रक्रय म्हणा.

आणि शुफाला घाई केवढी लागते! पहिल्या मागणीचं नावच 'तलब-इ-मुवासबत', मुवासबत म्हणजे उडी मारणं, बातमी कानावर पडताच बसल्या जागेवरून उठून 'मी मागतो' म्हणायचं. दुसरी मागणी साक्षीदारांसमोर, तिसरी दावा लावून. कोर्टांनी ही उडी अक्षरशः धरली. कलकत्ता हायकोर्टातलं १८८४ सालचं प्रकरण आहे, एकाने विक्रीची बातमी ऐकली, आधी घरात गेला, पेटी उघडून पैसे काढले आणि मग मागणी केली. हक्क गेला. खरेदीदाराला द्यायलाच पैसे घेतले असतील तरी तेवढा उशीर भोवला, कारण मागणी करताना पैसे हातात असावे लागतच नाहीत.

हक्कदारांचे वर्ग तीन: शरीक म्हणजे सहहिस्सेदार, खलीत म्हणजे वाटेत-पाण्यात सामायिक असलेला, आणि जार म्हणजे नुसता लगतचा मालक. यातल्या शेजाऱ्याला १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने भाऊराम विरुद्ध बैजनाथ मध्ये बाहेर काढलं, नुसत्या शेजारावरचा हा हक्क घटनेत बसत नाही म्हणून. सहहिस्सेदाराचा मात्र टिकला, आणि शब्दाच्या अर्थाला धरून तेच बरोबर वाटतं, कारण वाटणी झालेली नसताना हिस्से आधीच जोडलेले असतात, शेजाऱ्याच्या मधे बांध असतो.

मग गावोगाव शेजाऱ्याचं कुठून आलं? माझं ठाम मत, तुकडेबंदीतून. १९४७च्या त्या कायद्याच्या मूळ कलम ७ मध्ये नोटीस दिलेला तुकडा लगतच्या जमिनीच्या मालकालाच विकता येईल अशी अट होती. ते विकणाऱ्यावरचं बंधन झालं, शेजाऱ्याचा हक्क नव्हे, पण लोकांनी ते उलटं करून पाठ केलं.

बाकी आज आपल्याकडे खरोखर कामाला येतं ते हिंदू वारसा कायद्याचं, १९५६चं, कलम २२. समजा वडील मृत्युपत्र न करता गेले, मागे दोन भाऊ आणि एक बहीण, सहा एकर सामाईक. बहिणीला तिचा हिस्सा बाहेरच्याला विकायचा आहे, तर भावांना तो आधी घ्यायचा हक्क आहे, किंमतीवर एकमत झालं नाही तर ती कोर्ट ठरवतं, आणि दोन्ही भाऊ मागायला लागले तर जास्त मोल देणाऱ्याला मिळतो. शेतजमिनीलाही हे लागू आहे, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तसं स्पष्ट केलंय. इथे विक्रीचा नुसता विचार झाला तरी हक्क सुरू होतो, म्हणजे हा कौटिल्याच्या चालीचा, शुफाच्या नाही. आणि हो, तो वर्ग एकच्या वारसांनाच, म्हणजे मृताची मुलं, विधवा, आई अशा सर्वात जवळच्यांना. दोन चुलत भाऊ आपापल्या बापाकडून आलेले हिस्से धरून बसले असतील तर त्यांचं नातं एकमेकांशी तसं नाही, त्यांनी या कलमावर विसंबू नये.