रेस्पिरेटरी फिजिओलॉजीची रिव्हिजन: चौदा दिवस आणि एक समीकरण

प्रश्न: एमबीबीएस फर्स्ट इयर, सातारा. रेस्पिरेटरी सिस्टिमची परीक्षा १४ दिवसांवर आली आहे. आकृत्या पाठ आहेत, पण ‘का’ विचारलं की अडकते. रिव्हिजन कशी लावू?

उत्तर: मिरजेत शिकत असताना मी पहिला आठवडा लंग व्हॉल्यूम्समध्येच घालवला होता. गॅस एक्स्चेंजला हात लागला तो परीक्षेच्या आदल्या रात्री. व्हायव्हात बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, ‘न्यूमोनियाच्या पेशंटचा ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइडही कमी, हे कसं?’ मला सांगता आलं नाही. म्हणून तुम्हाला माझा आग्रह एवढाच, की व्हॉल्यूम्स, कम्प्लायन्स आणि सर्फॅक्टंट तीन दिवसांत उरका आणि चौथ्या ते आठव्या दिवसापर्यंत अल्व्हिओलर गॅस इक्वेशन सोडू नका.

```
PAO2 = (Patm − 47) × 0.21 − PaCO2 / 0.8
```

चौथ्या दिवशी निरोगी माणसाचं गणित करा. ७६० मधून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा केले आणि ०.२१ ने गुणलं की १५० येतात. त्यातून ४० भागिले ०.८, म्हणजे ५० गेले की उरतात १००. तुमचं उत्तर ११० च्या आसपास आलं, तर ४७ वजा करायचे राहिलेत. ही चूक फार जण करतात.

पाचव्या-सहाव्या दिवशी दोन पेशंट शेजारी शेजारी मांडा. पहिल्याला मण्यार चावली आहे, श्वासाचे स्नायू लुळे पडत चालले आहेत. PaCO2 ८०, PaO2 ४५. समीकरणात घातलं तर १५० वजा १००, म्हणजे अल्व्हिओलसमध्येच ५०. रक्तात ४५, फरक फक्त ५. म्हणजे फुफ्फुस धड आहे, हवाच आत जात नाही. दुसऱ्याला न्यूमोनिया आहे. PaCO2 ३०, PaO2 ५०. इथे अल्व्हिओलसमध्ये साधारण ११२ निघतात, म्हणजे फरक ६२. तरुण माणसात हा फरक १५ च्या आत असायला हवा. हवा पोचते आहे, पण काही रक्त पू भरलेल्या अल्व्हिओलायवरून ऑक्सिजन न घेताच पुढे जातं.

आता सरांचा तो प्रश्न. पेशंट धापा टाकतो, तेव्हा चांगल्या अल्व्हिओलायमध्ये हवा जास्त खेळते. कार्बन डायऑक्साइडचा डिसोसिएशन कर्व्ह या टप्प्यात जवळजवळ सरळ असतो, त्यामुळे तिथून तो जास्तीचा बाहेर पडतो आणि खराब भागाची भरपाई होते. ऑक्सिजनचा कर्व्ह मात्र वर सपाट झालेला असतो. चांगल्या भागातलं हिमोग्लोबिन आधीच ९७ टक्के भरलेलं, त्यात अजून किती मावणार? दोन्हीकडचं रक्त एकत्र आलं की ऑक्सिजन कमीच राहतो. सातवा आणि आठवा दिवस व्हेंटिलेशन-परफ्यूजनला द्या, पण हे कारण तोंडाने सांगता आल्याशिवाय तिकडे वळू नका.

नववा-दहावा दिवस गॅस ट्रान्सपोर्टचा. कोऱ्या कागदावर कर्व्ह काढा आणि चार बिंदू टाका: २७ ला ५० टक्के, ४० ला ७५, ६० ला ९०, १०० ला ९७. मग उजवीकडे सरकलेला कर्व्ह काढून त्याचा P50 कुठे गेला ते लिहा. तो २७ पेक्षा मोठा आला नाही, तर शिफ्ट फक्त पाठ झाला आहे, समजलेला नाही.

अकराव्या-बाराव्या दिवशी रेग्युलेशन, हायपोक्सिया आणि हाय अल्टिट्यूड. अल्टिट्यूडसाठी एव्हरेस्ट कशाला, तुमच्याच जिल्ह्यातलं महाबळेश्वर घ्या. उंची सुमारे १,३७० मीटर, हवेचा दाब साधारण ६४५. वरच्याच पद्धतीने गणित करा, अल्व्हिओलसमध्ये ७५-७६ येतील. १०० वरून एवढी घसरण होऊनही वेण्णा तलावाकाठी चालणाऱ्या निरोगी माणसाला धाप लागत नाही. कारण कर्व्हच्या सपाट भागामुळे सॅच्युरेशन ९३-९४ च्या आसपास टिकतं, आणि पेरिफेरल कीमोरिसेप्टर्स श्वास जोरात वाढवतात ते PaO2 ६० च्या खाली गेल्यावर. रेग्युलेशनच्या उत्तरात हे एक उदाहरण लिहिलंत तर कर्व्ह आणि कीमोरिसेप्टर आपोआप जोडले जातात.

तेराव्या दिवशी विद्यापीठाच्या जुन्या पेपरमधला एक लाँग क्वेश्चन आणि चार शॉर्ट घड्याळ लावून लिहा, आकृत्यांसकट. चौदाव्या दिवशी नवं काही वाचू नका. रूममेटला समोर बसवा आणि तिला PaO2, PaCO2 चे कुठलेही दोन आकडे द्यायला सांगा. फरक काढून, बिघाड फुफ्फुसात आहे की श्वासाच्या पंपात, हे तिला मोठ्याने पटवून द्या. पंप म्हणजे मेंदू, नसा आणि स्नायू तिन्ही, हे मात्र विसरू नका. व्हायव्हात पुढचा प्रश्न तिथूनच येतो.